लॅब रिपोर्टचं भाषांतर: युनिट, रेंज आणि देशोदेशीचे फरक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

परदेशातले रिपोर्ट मराठीत आणि इथले रिपोर्ट परदेशी डॉक्टरांसाठी इंग्रजीत, अशी दोन्ही बाजूंची कामं आमच्याकडे येतात. त्यासोबत येणारे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. काही रुग्णांच्या घरच्यांनी विचारलेले आहेत, काही नव्या भाषांतरकारांनी. सोपे आधी, किचकट नंतर. रिपोर्टचा वैद्यकीय अर्थ लावणं हे डॉक्टरांचं काम, त्यात आम्ही पडत नाही.

१. बाबा मुलीकडे इंग्लंडला गेलेत. तिथल्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १०६ आलंय. सांगलीत तर नेहमी १.१, १.२ यायचं. किडनी गेली का?

नुसत्या १०६ वरून तसं काही म्हणता येत नाही. आकड्यापुढचं युनिट बघा. सांगलीची लॅब क्रिएटिनिन mg/dL मध्ये देते, म्हणजे एक डेसिलिटर रक्तद्रवात किती मिलिग्रॅम वजनाचं क्रिएटिनिन आहे ते. इंग्लंडची लॅब µmol/L मध्ये देते, म्हणजे एक लिटरमध्ये त्याचे किती मायक्रोमोल आहेत ते. एकात वजन मोजलं, दुसऱ्यात रेणूंची संख्या. क्रिएटिनिनचा १ mg/dL म्हणजे ८८.४ µmol/L. १०६ ला ८८.४ ने भागलं की १.२ येतं. म्हणजे बाबांचा आकडा होता तिथेच आहे.

साखरेचंही असंच. तिकडे ७.० mmol/L म्हणजे आपल्याकडची १२६ mg/dL. इथे गुणक १८ आहे. प्रत्येक पदार्थाचा गुणक वेगळा, कारण प्रत्येकाच्या रेणूचं वजन वेगळं. साखरेचा १८ क्रिएटिनिनला किंवा कोलेस्टेरॉलला लावून चालत नाही. कोलेस्टेरॉलचा गुणक साधारण ३८.७ आहे.

२. सगळ्या जगाने एकच युनिट का नाही ठरवलं?

ठरवायचा प्रयत्न झाला. मोल हे एकक १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत आलं आणि १९७७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वैद्यकशास्त्रात हीच पद्धत वापरावी अशी शिफारस केली. त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. शरीरातल्या रासायनिक क्रिया रेणूला रेणू अशा चालतात, वजनाला वजन अशा नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर युरोपातले देश मोलकडे वळले. अमेरिकेत प्रयत्न झाले, पण डॉक्टरांच्या डोक्यात बसलेले आकडे काही हलले नाहीत. भारत आणि जपानही बहुतांशी mg/dL वरच राहिले.

जर्मनीत तर एकाच देशात दोन्ही दिसतं. पूर्वीच्या पूर्व जर्मनीत साखर mmol/L मध्ये देण्याची सवय, पश्चिमेकडे mg/dL. म्हणून 'रिपोर्ट जर्मनीचा आहे, म्हणजे युनिट अमुक असणार' असं गृहीत धरू नका. देशावरून अंदाज न बांधता कागदावर छापलेलं वाचा.

३. युनिट सारखं असलं तरी दोन लॅबच्या रेंज वेगळ्या का असतात?

कारण रेंज हा निसर्गाने आखून दिलेला आकडा नाही. रूढ पद्धत अशी: निरोगी माणसांचा एक गट घ्यायचा, प्रत्येक गटासाठी किमान १२० जण असावेत असा संकेत आहे. त्यांच्या चाचण्या करायच्या आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथून जिथपर्यंत पसरलेत, ती रेंज. वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के बाहेर राहतात. थोडक्यात, धडधाकट असलेल्या विसांपैकी एकाचा निकाल रेंजबाहेर जाणार हे त्या हिशेबातच धरलेलं आहे.

आता गट बदलला की रेंज बदलते. वय, लिंग, गरोदरपण, आहार, स्नायूंचं प्रमाण या सगळ्यांचा परिणाम होतो. मशीन आणि पद्धत बदलली तरी बदलते. क्रिएटिनिन मोजायच्याच दोन प्रमुख पद्धती आहेत, जाफे आणि एन्झायमॅटिक. जाफे पद्धतीत क्रिएटिनिनखेरीज रक्तातले इतर काही पदार्थही रंग देतात, त्यामुळे आकडा थोडा वर सरकू शकतो. बऱ्याच लॅब स्वतःचा गट न तपासता किट बनवणाऱ्या कंपनीने दिलेली किंवा पुस्तकातली रेंज छापतात, हेही खरं आहे. ती योग्य की अयोग्य हा लॅबचा प्रश्न. भाषांतरकारासाठी एवढंच महत्त्वाचं की ती रेंज त्या लॅबच्या त्या पद्धतीशी बांधलेली आहे.

४. मग भाषांतर करताना युनिट आपल्याकडचं करून द्यायचं का? वाचणाऱ्याला सोपं जाईल.

नाही. निकाल, युनिट, रेंज आणि त्यापुढची H किंवा L ही खूण ही चौकडी फोडायची नाही. चारही गोष्टी मूळ कागदावर आहेत तशाच न्यायच्या. चाचणीचं नाव, शेरे, नमुना कधी आणि कशाचा घेतला हे मराठीत आणा, पण ही चौकडी जशीच्या तशी.

रूपांतर हवंच असेल, आणि काम देणाऱ्याने ते मागितलं असेल, तर ते मूळ आकड्याच्या जागी न लिहिता तळटीप म्हणून वेगळं द्या. ती टीप भाषांतरकाराची आहे, लॅबची नाही, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. कुठला गुणक वापरला तेही लिहा, म्हणजे डॉक्टरांना ताडून बघता येईल.

मूळ ओळ अशी असेल:

```
Serum creatinine   106   µmol/L   (59 – 104)   H
```

तर भाषांतर असं:

```
सीरम क्रिएटिनिन   106   µmol/L   (59 – 104)   H
```

आणि पानाच्या शेवटी: 'भाषांतरकाराची टीप: १०६ µmol/L = सुमारे १.२० mg/dL (÷ ८८.४). H म्हणजे लॅबने दिलेल्या रेंजपेक्षा जास्त.' इतकंच. 'थोडंसंच वाढलंय, काळजी नको' हे लिहायचा मोह होतो, विशेषतः घरचे फोनवर रडवेले झालेले असतात तेव्हा. ते लिहू नका.

५. निकाल बदलून घेतला आणि रेंज मात्र आपल्या नेहमीच्या लॅबची टाकली तर काय बिघडलं?

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. इंग्लंडच्या लॅबची रेंज ५९ ते १०४. बाबांचे १०६ त्याच्या बाहेर, म्हणून H. सांगलीच्या लॅबची छापील रेंज समजा ०.७ ते १.३ आहे. तुम्ही १०६ चे १.२ केले आणि शेजारी ०.७ ते १.३ लिहिलं. आता १.२ रेंजच्या आत बसतो, आणि तरी शेजारी H छापलेलं आहे. वाचणाऱ्याला वाटणार H चुकून पडलंय. पुढचा भाषांतरकार किंवा टायपिस्ट ते 'दुरुस्त' करून काढूनही टाकेल. एका लॅबने दिलेली सूचना अशी कागदावरून पुसली जाते, आणि कुणी खोटं लिहिलेलंही नसतं.

बरं, रेंजही त्याच गुणकाने बदलली तर? ५९ चे ०.६६७ होतात, १०४ चे १.१७६ आणि १०६ चे १.१९९. एका दशांशापर्यंत पूर्णांकन केलं की रेंज होते ०.७ ते १.२ आणि निकाल १.२. पुन्हा तोच घोळ: निकाल रेंजच्या काठावर, आत, आणि H शेजारी. दोन दशांश ठेवले तर ०.६७ ते १.१८ आणि निकाल १.२०, आता H ला अर्थ उरतो. म्हणून टीपेत रूपांतर देताना मूळ आकड्यात जितके अर्थपूर्ण अंक आहेत तितके ठेवा, आणि निकाल व रेंज दोन्ही एकाच पद्धतीने पूर्णांकित करा. शेवटी एकदा बघा की H मूळात होतं तर रूपांतरातही निकाल रेंजबाहेरच पडतोय ना. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि पुष्कळ चुका हिच्यातच सापडतात.

६. आपल्याकडे 'ब्लड युरिया' ३८ आहे आणि अमेरिकेतला डॉक्टर 'बीयूएन' विचारतोय. दोन्ही एकच ना?

एकच नाहीत, आणि दोन्हींचं युनिट mg/dL असल्यामुळे फसगत होते. ब्लड युरियात अख्ख्या युरियाच्या रेणूचं वजन मोजतात. बीयूएनमध्ये फक्त त्यातल्या नायट्रोजनचं. युरियाच्या ६० भाग वजनात नायट्रोजन २८ भाग असतो. म्हणून युरियाच्या आकड्याला २.१४ ने भागलं की बीयूएन मिळतं. ३८ चे साधारण १७.८.

भारतातल्या कित्येक रिपोर्टवर दोन्ही ओळी एकाखाली एक असतात. त्या दोन्ही जशाच्या तशा न्या. एकच असेल तर चाचणीचं नाव अचूक न्या. 'ब्लड युरिया ३८' चं इंग्रजीत बीयूएन ३८ झालं, तर समोरच्याला किडनीचा बराच मोठा बिघाड दिसेल. ब्रिटिश रिपोर्टमध्ये युरिया mmol/L मध्ये असतो, उदाहरणार्थ ६.२. त्याचे mg/dL मध्ये युरिया म्हणून ३७ होतात आणि बीयूएन म्हणून १७. म्हणजे रूपांतराच्या टीपेतही नुसतं 'mg/dL' लिहून भागत नाही, कशाचे ते लिहावं लागतं.

७. मुलाने लंडनहून शुगरचा रिपोर्ट पाठवला, एचबीए१सी ४८. आमच्याकडे तर ६.५ म्हटलं तरी डॉक्टर डोळे मोठे करतात!

४८ आणि ६.५ एकच. ब्रिटनमध्ये २००९ ते २०११ या काळात एचबीए१सी टक्क्यांतून काढून mmol/mol मध्ये आणलं. मधली दोनेक वर्षं दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले जात, नंतर फक्त नवे. भारतात अजून टक्केच चालतात.

इथे प्रश्न १ सारखा एकच गुणक लावून जमत नाही. दोन वेगवेगळ्या प्रमाण पद्धती असल्याने सूत्रात गुणाकाराबरोबर बेरीजही आहे:

```
टक्के = 0.09148 × (mmol/mol) + 2.152
```

४८ घातले की ६.५ येतात, ५३ घातले की ७.०. अशी बेरीज का, तर टक्क्यांच्या जुन्या पद्धतीत साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनखेरीज थोडं इतरही मोजलं जातं. नवी पद्धत नेमका तोच अंश मोजते. दोन रिपोर्टमधला फरक काढताना हे विशेष लक्षात ठेवा. '११ ने कमी झालं' हे mmol/mol मध्ये म्हणजे टक्क्यांत साधारण १. सूत्रात सरळ ११ घातले तर ३.२ येतील, कारण मग २.१५२ ची बेरीजही मिसळते. फरकाला फक्त गुणाकार लावायचा.

८. प्लेटलेट '१.८५ लाख' इंग्रजीत कसं लिहू?

आमच्याकडे इथून बाहेर जाणाऱ्या रिपोर्टमध्ये सर्वांत जास्त घोळ याच ओळीत असतो. डेंगीच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला प्लेटलेटचा आकडा लाखात पाठ असतो, पण भारतीय उपखंडाबाहेरच्या डॉक्टरला लाख ठाऊक नाही. शिवाय रिपोर्टवर बऱ्याचदा `1.85` एका रकान्यात आणि `lakh/cumm` दुसऱ्याच रकान्यात, बारीक अक्षरात असतं. घाईत युनिटचा रकाना सुटला की उरतो नुसता १.८५.

इथे प्रश्न ४ मधल्या नियमाला एक पुस्ती जोडावी लागते. मूळ `1.85 lakh/cumm` तसंच ठेवा, पण टीप कुणी मागितली नसली तरी द्याच: १ लाख म्हणजे १,००,०००, म्हणून हा आकडा 185,000/µL, म्हणजेच 185 × 10⁹/L. घन मिलिमीटर आणि मायक्रोलिटर हे तंतोतंत एकच आकारमान आहे, त्यामुळे cumm चं µL करताना आकडा बदलत नाही.

स्वल्पविरामही बघा. आपण 1,85,000 लिहितो, बाहेर 185,000 लिहितात. टीपेत बाहेरची पद्धत वापरा. पांढऱ्या पेशींना हेच लागू: 7,800/cumm म्हणजे 7.8 × 10⁹/L. जपानी रिपोर्ट हाती आला तर तिथे प्लेटलेट दहा हजारांच्या पटीत असतात, म्हणजे हाच आकडा १८.५ दिसेल. एकाच माणसाचं एकच रक्त: १.८५, १८.५, १८५ आणि १,८५,०००.

९. नेदरलँड्समधल्या भाचीचं हिमोग्लोबिन ८.२ आहे. रक्त चढवावं लागेल का?

डच लॅब हिमोग्लोबिनही mmol/L मध्ये देतात. ८.२ mmol/L म्हणजे आपल्याकडचे सुमारे १३.२ g/dL. ब्रिटनमध्ये हेच १३२ g/L म्हणून छापतात. ८.२ चं युनिट गाळून मराठीत 'हिमोग्लोबिन ८.२' लिहिलं, तर कुठलीही मराठी आई तिकडे बीट आणि खजूर पाठवायला धावेल.

१०. जर्मन रिपोर्टमध्ये 'Thrombozyten 185 G/l' लिहिलंय. प्लेटलेट ग्रॅममध्ये?

ग्रॅम नाही, गिगा. मोठ्या लिपीतला G म्हणजे १०⁹, ग्रॅमचा g छोटा. म्हणून 185 G/l म्हणजे 185 × 10⁹/L. काही ठिकाणी `Gpt/l` असं असतं, अर्थ तोच. लाल पेशींपुढे `T/l` येईल, तो टेरा, म्हणजे १०¹². युनिटमधली मोठी-छोटी लिपी हा मजकुराचाच भाग आहे, शोभेसाठी बदलायची नाही.

याच रिपोर्टमध्ये दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो. `1,2 mg/dl` म्हणजे एक पूर्णांक दोन दशांश. आणि `7.800` मध्ये टिंब हजारांसाठी असू शकतं. मराठीत आणताना हे एक चिन्ह बदलावंच लागतं, नाहीतर वाचणारा बारा वाचेल. सगळ्या रिपोर्टभर कुठली पद्धत आहे हे आधी ठरवा. ओळखायला सोडियम-पोटॅशियमसारखी ओळ घ्या: पोटॅशियम `4,1` असेल तर स्वल्पविराम दशांशाचाच, कारण एकेचाळीस पोटॅशियम असलेला माणूस रिपोर्ट घ्यायला आलेला नसतो.

११. व्हिटॅमिन डी तिकडे 'पुरेसं' म्हणतात, इकडे 'कमी'. रूपांतर करूनसुद्धा! लॅब चुकली का?

बहुधा कोणीच चुकलेलं नाही. समजा ब्रिटिश रिपोर्टमध्ये ५२ nmol/L आहे. त्याला २.५ ने भागलं की जवळपास २१ ng/mL. ब्रिटनमध्ये ५० nmol/L च्या वर असलं की पुरेसं मानतात. भारतातल्या बऱ्याच लॅब २० ते ३० ng/mL हा टप्पा 'अपुरं' म्हणून छापतात. रक्त तेच, रेषा वेगळी.

प्रश्न ३ मध्ये सांगितलेली ९५ टक्क्यांची रेंज आणि ही रेषा या दोन भिन्न जातीच्या गोष्टी आहेत. व्हिटॅमिन डी, कोलेस्टेरॉल, एचबीए१सी यांच्यापुढे जे छापलेलं असतं ते बहुतेकदा निर्णयाची मर्यादा असते. कुठल्या आकड्यापासून धोका वाढतो किंवा उपचार करावेत, यावर तज्ज्ञांच्या समितीने ठरवलेली. समित्या देशागणिक वेगळं ठरवतात. निरोगी लोकांची सरासरी त्यात कुठेच नसते. उलट एखाद्या शहरातल्या निम्म्या निरोगी दिसणाऱ्या लोकांचं व्हिटॅमिन डी या रेषेखाली असू शकतं.

म्हणून भाषांतरात अशा ओळीला सरसकट 'सामान्य मर्यादा' हे शीर्षक देऊ नका. मूळात पुरेसं, अपुरं, कमतरता असे टप्पे असतील तर तेच टप्पे, त्यांच्याच आकड्यांसह आणा. दोन देशांचे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये जोडायचे असतील तर प्रत्येकाचे टप्पे त्याच्याच खाली राहू द्या.

१२. एसजीपीटी दोन्हीकडे U/L मध्येच आहे. इथे तरी रेंज एकसारखी करू का?

नको. एसजीपीटी म्हणजेच एएलटी. हे एन्झाइम आहे आणि त्याचं वजन किंवा संख्या कोणी मोजत नाही. ते किती वेगाने काम करतं ते मोजतात. तो वेग तापमानावर आणि मिश्रणात काय घातलंय यावर अवलंबून असतो. काही पद्धतींत पायरिडॉक्सल फॉस्फेट, म्हणजे बी६ जीवनसत्त्वाचं एक रूप घालतात, काहींत नाही. घातलं तर आकडा जास्त येऊ शकतो. त्यामुळे एका लॅबची वरची मर्यादा ४० आणि दुसरीची ५५ असं दिसतं, आणि युनिट मात्र हुबेहूब तेच.

स्वीडिश रिपोर्टमध्ये `µkat/L` हे वेगळं युनिट दिसेल. १ µkat/L म्हणजे ६० U/L, हा हिशेब पक्का आहे, टीपेत देता येतो. पण त्याने फक्त युनिट बदलतं. स्वीडनची पद्धत कोल्हापूरच्या लॅबची होत नाही. रिपोर्टवर पद्धतीचं नाव दिलेलं असेल तर ते बारीक अक्षरातलं असलं तरी गाळू नका.

१३. अजिबात रूपांतर करू नये अशा चाचण्या कोणत्या?

दोन नेहमी भेटतात.

पहिली लायपोप्रोटीन-ए. काही लॅब mg/dL मध्ये देतात, काही nmol/L मध्ये. या कणाचा आकार माणसागणिक वेगळा असतो, म्हणून एका कणाचं ठरावीक वजनच नाही आणि ठरावीक गुणकही नाही. इंटरनेटवर गुणक सापडतील, पण ते ढोबळ अंदाज आहेत. टीपेत फक्त लिहा की नेमकं रूपांतर शक्य नाही.

दुसरी डी-डायमर. इथे `ng/mL` च्या मागे `FEU` किंवा `DDU` असतं आणि तेच नेमकं भाषांतरात गळतं. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. ५०० एफईयूची मर्यादा म्हणजे डीडीयूची सुमारे २५०. ती तीन अक्षरं नसतील तर फुप्फुसात गुठळी असल्याचा संशय धरायचा की सोडायचा, हेच डॉक्टरांना ठरवता येणार नाही. एकमेकांत बदलू नका, फक्त अक्षरं जपा. मूळातच ती नसतील तर 'मूळात प्रकार दिलेला नाही' अशी टीप लिहा.

ट्यूमर मार्करच्या बाबतीत युनिट सारखं असलं तरी दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. म्हणून तिथे किटचं किंवा पद्धतीचं नाव आकड्याइतकंच मोलाचं.

१४. मराठी भाषांतरात आकडे देवनागरीत लिहावेत का?

या पानावर आम्ही देवनागरी वापरलेत, पण रिपोर्टच्या तक्त्यात इंग्रजी आकडेच ठेवतो. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 घाईत सारखे वाटतात, ४ आणि 8 सुद्धा. रुग्णाच्या हातातला कागद उद्या मराठी न वाचणाऱ्या डॉक्टरकडेही जाणार असतो. युनिटची चिन्हंही रोमनमध्येच. 'मिग्रॅ/डेलि' असं कुणी केलं तर तो पहिल्यांदा वाचणारा प्रत्येकजण अडखळेल.

µ या चिन्हाची खास काळजी घ्या. स्कॅन केलेल्या कागदावरून मजकूर काढताना त्याचा u होतो, किंवा m. u झाला तर अर्थ कळतो. m झाला की मायक्रोचं मिली होतं, आणि आकडा हजारपट. स्कॅनमधून आलेला प्रत्येक m मूळ कागदाशी डोळ्यांनी ताडा.

१५. पाठवण्याआधी काय तपासता?

आकडे हाताने टाइप करत नाही, शक्य तिथे कॉपी करतो. मग एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने भाषांतरावर बोट ठेवायचं. चाचणी, आकडा, युनिट, रेंज, खूण, या क्रमाने. एकटे असाल तर खालून वर वाचा, म्हणजे डोळे सवयीने पुढे पळत नाहीत.

एक्सेलमध्ये तक्ता टाकत असाल तर लघवीच्या रिपोर्टची ओळ आधी बघा. `Pus cells 4-6 /hpf` मधलं `4-6` एक्सेल स्वतःहून तारीख समजतं आणि त्या जागी जूनची किंवा एप्रिलची तारीख छापतं. रकाना आधीच टेक्स्ट करून घ्या. शेवटचं शून्यही एक्सेल खातं: `1.20` चे `1.2` होतात, आणि प्रश्न ५ वाचला असेल तर त्याने काय होतं ते माहीतच आहे.

१६. मूळ रिपोर्टच चुकलाय असं दिसलं तर? क्रिएटिनिन १०६ mg/dL छापलंय!

१०६ mg/dL असलेला माणूस स्वतःच्या पायांनी लॅबमध्ये आलेला नसणार, तेव्हा युनिट चुकलंय हे उघड आहे. तरी भाषांतरात ते गुपचूप µmol/L करायचं नाही. उघड वाटणारी गोष्टही तुमचा अंदाजच असतो, आणि रिपोर्टवर सही तुमची नाही. `106 mg/dL` असंच न्या, पुढे '[मूळात असेच]' लिहा, आणि काम देणाऱ्याला त्याच दिवशी कळवा की लॅबकडून दुरुस्त केलेली प्रत मागवा. लॅब नवा रिपोर्ट काढते तेव्हा त्यावर तो सुधारित असल्याचा उल्लेख आणि नवी तारीख असायला हवी. नवी प्रत आली की फक्त ती ओळ न बदलता सगळा रिपोर्ट पुन्हा ताडा, कारण एक युनिट दुरुस्त करताना लॅबने रेंज किंवा खूणही बदललेली असू शकते.